गुणवत्तेच्या तक्रारीमुळे अडकलेलं बिल: तक्रार कागदावर कशी आणावी आणि वादाबाहेरची रक्कम कशी सोडवावी

ग्राहकाचा मेल येतो: "माल खराब निघाला आहे. बिल होल्डवर ठेवलं आहे." किती माल खराब, दोष कोणता, तो कुणी पाहिला, तो माल आता कुठे आहे, यातलं काहीच त्या मेलमध्ये नसतं. तरीही सबंध बिल अडकतं. बहुतेक वेळा त्यामागे वाईट हेतू नसतो. वाद नेमका कुठे सुरू होतो आणि कुठे संपतो हे ग्राहकाच्या अकाउंट्स विभागाला कुणी सांगितलेलं नसतं, म्हणून ते सगळंच थांबवून ठेवतात. वसुलीचं काम नव्याने हाती घेतलेल्या माणसाने पहिली गोष्ट करायची ती म्हणजे ही सीमा कागदावर आखणं. दोष कुणाचा हे ठरायला वेळ लागतो, पण वाद कशाबद्दल नाही हे दोन-चार दिवसांत ठरू शकतं, आणि अडकलेल्या पैशाचा मोठा भाग तिथेच सुटतो.

समजायला सोपं जावं म्हणून एकच उदाहरण शेवटपर्यंत नेतो. कोरुगेटेड खोक्यांचा पुरवठा आहे. 12,000 खोकी, दर नगाला 50, एकूण बिल सहा लाखांचं (कर बाजूला ठेवू). माल तीन बॅचमध्ये गेला: बॅच 41 मध्ये 5,000, बॅच 42 मध्ये 4,000, बॅच 43 मध्ये 3,000. तक्रार अशी की खोक्याचा चिकटवलेला उभा सांधा भरताना सुटतो. ग्राहकाने सहाच्या सहा लाख थांबवले आहेत.

पहिल्याच दिवशी पोच द्या

तक्रार फोनवर आली असली तरी उत्तर लेखीच द्या, आणि त्याच दिवशी. या पोचेत तीन गोष्टी हव्यात: तक्रार कधी आणि कुणाकडून आली, ती तुम्हाला काय समजली, आणि पुढे तुम्हाला काय हवं आहे. चूक कबूल करायची नाही आणि नाकारायचीही नाही. "आमच्याकडून चूक झाली, दिलगीर आहोत" असं सौजन्य म्हणून लिहिलेलं वाक्य पुढे वाटाघाटीत कबुली म्हणून समोर येतं, तेही दोष सांध्याचा की साठवणुकीचा हे कळायच्या आधी. उलट "आमचा माल तपासूनच निघतो" असं लिहिलं की समोरचा माणूस पुरावा द्यायचं सोडून भांडायला लागतो.

मी साधारण असं लिहितो:

> "आज सकाळी फोनवर कळवलेली तक्रार आम्ही नोंदवून घेतली आहे (तक्रार क्र. 17). बॅच 42 मधील काही खोक्यांचा सांधा भरताना सुटतो, असं आम्हाला समजलं आहे. यात काही राहिलं असेल तर कळवावं. तपासणी पूर्ण होईपर्यंत संबंधित खोकी लेबलसह वेगळी ठेवावीत, टाकून देऊ नयेत. सोबतचा तक्रार नमुना भरून दोन कामकाजाच्या दिवसांत पाठवावा. हे पत्र दोन्ही बाजूंचे हक्क अबाधित ठेवून लिहिलेलं आहे."

मेल फक्त तक्रार करणाऱ्याला जाऊन उपयोग नाही. खरेदी विभाग, गुणवत्ता विभाग आणि अकाउंट्स, तिघांनाही प्रत जायला हवी. पैसे अडवतात अकाउंट्सवाले, पण त्यांना "सोडा" असं सांगण्याचा अधिकार सहसा इतर दोघांकडे असतो. नवे लोक अकाउंट्सला आठवणीवर आठवणी पाठवत राहतात आणि उत्तर येत नाही, ते याचमुळे.

तारखेला फार महत्त्व आहे. माल कधी पोचला, दोष कधी दिसला आणि कधी कळवला, या तीन वेगळ्या तारखा आहेत आणि तिन्ही लिहून घ्यायच्या. देशादेशांमधल्या मालविक्रीसाठी 1980 मध्ये व्हिएन्ना इथे स्वीकारलेला संयुक्त राष्ट्रांचा जो करार आहे, त्यातही हेच तत्त्व आहे: खरेदीदाराने माल शक्य तितक्या लवकर तपासावा, आणि दोष लक्षात आल्यापासून वाजवी मुदतीत, दोषाचं स्वरूप सांगून कळवावा. तुमच्या व्यवहाराला तो करार लागू असो वा नसो, आधी ऑर्डरच्या अटी काढून वाचा. तक्रारीची मुदत बहुधा तिथेच लिहिलेली असते.

तक्रारीचा नमुना: एक पान पुरतं

लांबलचक फॉर्म कुणी भरत नाही. एका पानावर मावेल इतकंच विचारा, पण बॅच नंबर आणि संख्या सोडू नका. बिल क्रमांक आणि चलन क्रमांक, बॅच, मिळालेली संख्या, त्यातली वापरलेली, शिल्लक आणि सदोष आढळलेली, दोषाचं वर्णन, तो कुणी आणि कामाच्या कोणत्या टप्प्यावर पाहिला, माल कुठे आणि कसा ठेवला आहे, आणि ग्राहकाला काय हवं आहे: बदली माल, दरात सूट, की परतावा. ही शेवटची ओळ अनेक नमुन्यांत नसते. ग्राहकाला फक्त 300 खोकी बदलून हवी असतात आणि इकडे आपण सहा लाखांवर पत्रं लिहीत बसतो, असं प्रत्यक्षात घडतं.

संख्येचे चार आकडे एकमेकांशी जुळतात का ते लगेच बघा. वापरलेली अधिक शिल्लक म्हणजे मिळालेली, हे जमायला हवं. आपल्या उदाहरणात ग्राहकाने बॅच 42 साठी लिहिलं: मिळाली 4,000, वापरली 1,100, शिल्लक 2,900, "सदोष बरीच". हिशेब जुळतो, पण "बरीच" हा आकडा नाही. तो मोजून काढावा लागेल. बॅच 41 आणि 43 च्या रकान्यांत ग्राहकाने काहीच लिहिलं नव्हतं. हे दोन रिकामे रकाने आपल्या कामाचे आहेत, त्याकडे पुढे येतो.

फोटो मागताना कसे हवेत ते सांगा, नाहीतर जवळून काढलेला एक अस्पष्ट फोटो येतो आणि त्यातून काही सिद्ध होत नाही. तीन प्रकारचे फोटो पुरतात. एक, गठ्ठ्यावरचं लेबल वाचता येईल असा. दोन, त्याच गठ्ठ्यातलं खोकं लेबलशेजारी ठेवून, म्हणजे दोष आणि बॅच एकाच चौकटीत येतील. तीन, सुटलेला सांधा उघडून, दोन्ही बाजू दिसतील असा. पहिल्या दोन फोटोंनी माल आपला आणि कोणत्या बॅचचा हे कळतं. कारणाकडे बोट दाखवतो तो तिसरा.

सांध्याच्या बाबतीत ते कसं, हे जरा सविस्तर सांगतो, कारण प्रत्येक मालात असा एखादा बोलका भाग असतो आणि तो शोधायला शिकलं पाहिजे. चांगला चिकटलेला सांधा ओढून उघडला तर कागदाचे तंतू फाटून गोंदाच्या पट्ट्याला चिकटून येतात. म्हणजे गोंदाची पकड कागदापेक्षा मजबूत होती. सांधा स्वच्छ सुटला, दोन्ही बाजूंना तंतूच नाहीत, तर गोंद नीट बसलाच नव्हता: कमी लागला, दाब कमी पडला, किंवा दाबायच्या आधीच सुकला. हे कारण पुरवठादाराच्या मशीनकडे जातं. खोकं हाताला मऊ लागत असेल, आतल्या पन्हाळ्या चेपलेल्या असतील, पाण्याचे डाग असतील, तर ओल लागली आहे, आणि ती कुठे लागली हा वेगळा प्रश्न आहे: गाडीत की गोदामात. फोटो बघून निकाल द्यायचा नसतो, पण तपासणीला जाताना काय शोधायचं ते त्यावरून ठरतं.

बिलाचे दोन भाग करा

तपासणी संपायची वाट न बघता हे करायचं. वादाबाहेरची रक्कम आणि वादातली रक्कम वेगळी काढा आणि तसं लेखी कळवा. आपल्या उदाहरणात बॅच 41 आणि 43 बद्दल तक्रार नाही. त्यांची किंमत 2,50,000 आणि 1,50,000, म्हणजे चार लाख. बॅच 42 चे दोन लाख वादात. पत्रात एवढंच लिहायचं की चार लाखांची देय तारीख मूळ बिलाप्रमाणे कायम आहे, दोन लाखांबाबत संयुक्त तपासणीनंतर बोलू, आणि चार लाख दिल्याने बॅच 42 च्या तक्रारीवरचा ग्राहकाचा हक्क कमी होत नाही. हे शेवटचं वाक्य जरूर घाला. काही भाग दिला तर तक्रार सोडून दिल्यासारखं होईल, या भीतीने ग्राहक सगळंच रोखून धरतो. ती भीती तुम्हीच दूर केलीत तर पैसा मोकळा होतो.

इथे दोन अडचणी हमखास येतात.

पहिली अशी: "41 आणि 43 पण तशाच निघाल्या तर?" रास्त प्रश्न आहे. रागावू नका, नमुना तपासणी सुचवा. नगांच्या तपासणीसाठी आयएसओ 2859-1 हे प्रमाण जगभर वापरलं जातं. नेहमीच्या तपासणी पातळीवर 5,000 नगांच्या लॉटमधून 200 आणि 3,000 च्या लॉटमधून 125 नग काढायचे. दोषाची स्वीकार्य पातळी 1 टक्का ठरली असेल तर 200 मध्ये 5 पर्यंत आणि 125 मध्ये 3 पर्यंत सदोष निघाले तरी लॉट स्वीकारायचा. त्याहून एकही जास्त निघाला तर नाकारायचा. ही पातळी किती ते ऑर्डरमध्ये असेल तर तीच धरा. नसेल तर खोकी उघडण्यापूर्वी ठरवून सही घ्या, कारण निकाल दिसल्यावर ठरवलेली पातळी दोघांनाही मान्य होत नाही. आपल्या उदाहरणात 41 मध्ये 2 आणि 43 मध्ये 1 खोकं सदोष निघालं. दोन्ही लॉट पास झाले आणि ती 3 खोकी बदलून दिली.

नमुना तपासणी लॉट घ्यायचा की नाही एवढंच सांगते. "200 मध्ये 23 सदोष, म्हणजे साडेअकरा टक्के, म्हणून बिलातून साडेअकरा टक्के कापा" हा हिशेब दोन्ही बाजूंनी वाद वाढवतो. पैशाचा आकडा काढायचा तर वादातला माल एकेक करून निवडावा लागतो.

दुसरी अडचण ग्राहकाच्या संगणकात असते. बऱ्याच कंपन्यांत ऑर्डर, मालप्राप्तीची नोंद आणि बिल, हे तिन्ही जुळल्याशिवाय पेमेंट निघतच नाही. गुणवत्ता विभागाने सगळा माल "तपासणीखाली" ठेवला की अकाउंट्सची इच्छा असूनही त्यांना अर्धं बिल देता येत नाही. अशा वेळी अकाउंट्सला नव्हे, स्टोअर आणि गुणवत्ता विभागाला विनंती करा की मालप्राप्तीच्या नोंदीत बॅचनुसार स्वीकृत आणि थांबवलेली संख्या वेगळी दाखवा: 8,000 स्वीकृत, 4,000 थांबवलेली. मग अकाउंट्सला 8,000 चे पैसे देता येतात. तेही जमत नसेल तर ग्राहकाने दोन लाखांची तात्पुरती डेबिट नोट काढावी असा मार्ग निघतो. मात्र ती नोट तात्पुरती आहे आणि आम्हाला अंतिम म्हणून मान्य नाही, असं उत्तर त्याच दिवशी पाठवा. उत्तर दिलं नाही तर वर्षअखेरीच्या हिशेबात ती मान्य झालेली म्हणून बसलेली सापडते. सबंध बिल रद्द करून दोन नवी बिलं करायचा सल्ला कुणी देईल. मी तो टाळतो, कारण त्याने देय तारीख नव्याने मोजायला सुरुवात होते आणि माल पोचल्याच्या कागदांशी बिलाचा दुवा तुटतो.

संयुक्त तपासणी आणि तिचा कागद

तपासणीला दोन्ही बाजूंची माणसं हजर हवीत. जायच्या आधी वादातला माल वेगळा काढून त्यावर "वापरू नये" असं लेबल लावलं आहे का, ते फोनवर विचारून फोटो मागवा. तक्रारीनंतर माल वापरात येत राहिला तर शिल्लक रोज बदलते आणि मोजणीला अर्थ राहत नाही. त्यातही तक्रार केलेला माल ग्राहक बिनदिक्कत वापरतो आहे, बॅच विचारली तर सांगत नाही, नमुना मागितला तर देत नाही, आणि तक्रार पहिल्यांदा आली ती देय तारखेनंतरच्या आठवणीला उत्तर म्हणून, असं सगळं एकत्र दिसलं तर अडचण मालाची नसून पैशाची असण्याचा संभव मोठा. तसा आरोप पत्रात करू नका. नमुना, बॅच आणि तपासणीची तारीख शांतपणे मागत राहा. प्रत्येक मागणी आणि न आलेलं उत्तर, दोन्ही फाइलला लागतं.

आपल्या उदाहरणात 2,900 शिल्लक खोकी एकेक तपासली. 310 सदोष निघाली, 2,590 चांगली. बहुतेक सदोष सांधे स्वच्छ सुटत होते, तंतू फाटलेले नव्हते, आणि पुठ्ठा कडक होता. म्हणजे कारण गोंदाचं, पुरवठादाराकडचं. वापरलेल्या 1,100 पैकी 60 भरताना फुटली असं ग्राहकाचं म्हणणं होतं, पण उत्पादनाच्या वहीत 38 चीच नोंद सापडली.

तपासणीचा अहवाल तिथेच लिहा आणि तिथेच सही घ्या. परत जाऊन टाइप करून पाठवू म्हटलं की आकडे बदलतात किंवा सही महिनाभर येत नाही. हाताने लिहिलेलं चालतं. ज्या आकड्यांवर एकमत आहे ते आधी लिहा, ज्यावर नाही ते "मतभेद" म्हणून वेगळे लिहा. आपल्या अहवालात तसं झालं: 310 सदोष मान्य, 2,590 चांगली मान्य, वापरलेल्यांपैकी 1,040 बद्दल तक्रार नाही, 38 नोंदीप्रमाणे सदोष, उरलेल्या 22 बद्दल मतभेद. मतभेद लिहून ठेवला म्हणून सही करायला कुणी कचरत नाही, आणि 22 खोक्यांपायी बाकीच्या साडेतीन हजारांचे पैसे अडत नाहीत. दोन्ही बाजूंची सही असलेली किमान पाच सदोष खोकी सीलबंद करून एकेका बाजूकडे ठेवा.

पैशाचे डबे वेगळे ठेवा

सहीचा अहवाल हातात आला की दुसऱ्यांदा रक्कम सोडवता येते. चांगली 2,590 आणि बिनतक्रार वापरलेली 1,040, मिळून 3,630 खोकी, म्हणजे 1,81,500. ही रक्कम आता वादात नाही. पहिल्या चार लाखांसारखंच पत्र लिहा, अहवालाची प्रत जोडा. वादात उरली 370 खोकी, 18,500.

नेमक्या याच वेळी ग्राहकाकडून इतर खर्च येतात: निवडीची मजुरी 8,000, लाइन थांबल्याचं नुकसान 40,000. हे सगळं एकाच बेरजेत घालून "एवढे कापले" असं सांगितलं जातं. तुम्ही तीन डबे करा. सदोष मालाची किंमत हा पहिला, तो मोजणीवर ठरतो. निवड, वाहतूक, परत पाठवणी यांसारखा थेट खर्च हा दुसरा; त्याला हजेरीपत्रक किंवा पावती मागा. उत्पादन थांबल्यासारखं पुढचं नुकसान हा तिसरा. तो ऑर्डरच्या अटींत आहे की नाही यावर अवलंबून असतो आणि बहुधा वरिष्ठांच्या किंवा कायदेशीर सल्ल्याशिवाय मान्य करता येत नाही. तिसऱ्या डब्याचा पत्रव्यवहार वेगळ्या क्रमांकाने चालवा. तो लांबला तरी पहिले दोन मिटतात.

आपल्याकडे वहीतली 38 मान्य झाली, 22 चा आग्रह ग्राहकाने सोडला. 348 खोक्यांचे 17,400 आणि हजेरीपत्रक पाहून मजुरीचे 8,000, मिळून 25,400 ची क्रेडिट नोट. एकूण यायचे 5,74,600. पैकी चार लाख पहिल्या आठवड्यातल्या पत्रावर सुटण्यासारखे होते. लाइनच्या 40,000 वर वेगळी चर्चा चालू राहिली.

क्रेडिट नोट संख्या पक्की झाल्यावरच काढा. आधी काढली तर ती पायाचा पहिला दगड ठरते, त्याच्या वर मागण्या चढत जातात. नोटेत तक्रार क्रमांक, बॅच, नगांची संख्या आणि अहवालाची तारीख लिहा. "गुणवत्तेपोटी सूट" एवढंच लिहिलं तर वर्षभराने तीच खोकी पुन्हा दाव्यात येतात. कराचं समायोजन आणि त्याची मुदत प्रत्येक देशात वेगळी असते, ते करसल्लागाराला विचारून घ्या. बदली माल देत असाल तर त्याच नगांची क्रेडिट नोट निघालेली नाही ना, हे पाहा. दोन्ही देणं ही या कामातली सर्वांत सामान्य गळती आहे, कारण माल पाठवणारे आणि नोट काढणारे वेगवेगळ्या खोल्यांत बसतात.

पैसे आले की सोबतचा मजकूर वाचा. अर्धवट रक्कम "पूर्ण व अंतिम भरणा" अशा शेऱ्याने आली आणि तुम्ही मुकाट्याने जमा करून घेतली, तर उरलेल्या पैशावरचा हक्क गेल्याचा दावा होऊ शकतो. काही ठिकाणी तो टिकतोही. शेरा दिसला तर रक्कम जमा करण्याआधी वरिष्ठांना दाखवा आणि ती कोणत्या बॅचपोटी घेत आहोत ते लिहून कळवा.

खातेवहीत वादातली रक्कम वादाच्या खुणेसह वेगळ्या ओळीत ठेवा, म्हणजे थकबाकीच्या यादीत सहा लाख एकदम लाल दिसत नाहीत आणि चार लाखांची रोजची आठवण थांबत नाही. वाद मिटल्यावर ती खूण काढा, क्रेडिट नोट त्याच बिलाशी जोडा, आणि ग्राहकाकडून शिल्लक शून्य असल्याचं पत्र घेऊन तक्रार क्रमांक 17 ची फाइल बंद करा. सीलबंद नमुने मात्र तिसऱ्या डब्याचं प्रकरण मिटेपर्यंत टाकू नका.